नव्वदच्या आत राहूनही ब्रिटनचा करनिवासी? हिशोब रात्रींचा आणि लॅपटॉपच्या दिवसांचा

प्रश्न: नऊ वर्षं ब्रिटनमध्ये नोकरी करून मी ४ एप्रिल २०२५ ला दुबईला आलो आणि ७ तारखेला इथल्या कंपनीत रुजू झालो. बायको आणि दोन मुलं (वय १० आणि ६) ब्रिटनमधल्या आमच्याच घरात राहतात. ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६ या वर्षात मी ब्रिटनमध्ये एकूण ७८ रात्री होतो. त्यातल्या ५ मुलाच्या ऑपरेशनमुळे वाढल्या. तिथे असताना ३४ दिवस घरून काम केलं. नव्वदच्या आत आहे, दुबईचा कर-रहिवासी दाखलाही मिळालाय. पगार साधारण ९०,००० पौंड. ब्रिटनमध्ये कर लागणार नाही ना? यंदा एप्रिलपासून आतापर्यंत १४ रात्री आणि ७ कामाचे दिवस झालेत.

उत्तर:

आज आहे त्या आकड्यांवर २०२५-२६ साठी तुम्ही ब्रिटनचे निवासी ठरता. पण सगळं हातातून गेलेलं नाही. त्या वर्षाचा बराचसा कर अजून वाचू शकतो, आणि तो वाचणार की नाही हे यंदा तुम्ही ब्रिटनमध्ये किती दिवस लॅपटॉप उघडता यावर ठरणार आहे. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी तो दाखला बाजूला ठेवा. ब्रिटनची निवासाची चाचणी २०१३ च्या वित्त कायद्याच्या ४५ व्या परिशिष्टात आहे आणि ६ एप्रिल २०१३ पासून लागू आहे. दुसरा देश तुम्हाला रहिवासी मानतो का, हा प्रश्न त्या चाचणीत विचारलेलाच नाही. पासपोर्ट कुठला हेही विचारलेलं नाही. माणूस एकाच वेळी दोन देशांचा निवासी असू शकतो आणि ब्रिटन फक्त स्वतःपुरतं बघतं. दुबईत पगारावर आयकर नसल्यामुळे तिथे भरलेल्या कराची वजावट मिळण्याचाही प्रश्न उरत नाही. निवासी ठरलात, तर दुबईचा पूर्ण पगार ब्रिटनच्या विवरणपत्रात येतो आणि ९०,००० पौंडांवर २०२५-२६ च्या दरांनी २३,४३२ पौंड आयकर होतो.

आता त्या नव्वदकडे. हा आकडा जुन्या काळापासून लोकांच्या डोक्यात बसलाय आणि आजही माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. नव्वद रात्रींची मर्यादा कायद्यात आहे, पण एकटी नाही. ती एका जोडीतला अर्धा भाग आहे.

चाचणी तीन पायऱ्यांची आहे आणि क्रम महत्त्वाचा. पहिल्या पायरीवर तुम्ही आपोआप अनिवासी ठरता का ते बघतात. ठरलात तर पुढे काही बघतच नाहीत. घर, बायको, मुलं, काही नाही. तिथे बसला नाहीत तर आपोआप निवासी ठरता का ते बघतात. तिथेही नाही, तर शेवटी दिवस आणि ब्रिटनशी असलेले धागे एकमेकांसमोर ठेवतात. कायदा याला ‘टाय’ म्हणतो, मी धागाच म्हणेन.

पहिल्या पायरीवर तुमच्यासारख्या नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला दोनच दारं आहेत. एक म्हणजे वर्षभरात ब्रिटनमध्ये १६ पेक्षा कमी रात्री. ते तुमचं नाही. दुसरं दार परदेशातल्या पूर्णवेळ नोकरीचं, आणि नव्वद इथे येतो. रात्री ९१ पेक्षा कमी हव्यात, आणि ज्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये तीन तासांपेक्षा जास्त काम केलं असे दिवस ३१ पेक्षा कमी हवेत. म्हणजे जास्तीत जास्त ३०. शिवाय परदेशातलं काम आठवड्याला सरासरी ३५ तास भरायला हवं आणि मध्ये मोठा खंड नको. तुमच्या रात्री ७८, ठीक. कामाचे दिवस ३४. दार बंद झालं ते इथे, आणि केवळ चार दिवसांनी.

दुसऱ्या पायरीवर तुम्ही वाचता: १८३ रात्री नाहीत, ब्रिटनमध्ये पूर्णवेळ काम नाही, आणि दुबईत तुमचं स्वतःचं घर आहे असं मी धरतो. हे धरणं मात्र तपासून घ्या. ब्रिटनमध्ये घर आहे, तिथे तुम्ही वर्षात ३० हून जास्त दिवस होतात, आणि दुबईत कंपनीने हॉटेलात किंवा दर काही आठवड्यांनी बदलणाऱ्या खोलीत ठेवलं असेल, तर ‘एकमेव घर ब्रिटनमध्ये’ या चाचणीत तुम्ही सापडू शकता. मग धाग्यांपर्यंत जायचीही गरज पडत नाही. भाडेकरार तुमच्या नावावर आणि तुम्ही तिथे खरोखर राहता, एवढं दाखवता आलं की ही भीती नाही.

तिसरी पायरी. तुमचे धागे मोजू. बायको आणि अज्ञान मुलं ब्रिटनची निवासी आहेत, हा कुटुंबाचा धागा. बायको आणि दोन मुलं मिळून तो एकच धरतात. घर वर्षभर तुम्हाला खुलं आहे आणि तुम्ही तिथे किमान एक रात्र झोपलात, हा निवाऱ्याचा. मागच्या दोन करवर्षांपैकी एकात तरी तुम्ही नव्वदहून जास्त रात्री ब्रिटनमध्ये होतात, आणि तुम्ही तर तिथेच राहत होतात, हा तिसरा. कामाचा धागा ४० कामाच्या दिवसांनी लागतो; तुमचे ३४, म्हणजे तो नाही. पाचवा धागा, कुठल्याही एका देशापेक्षा ब्रिटनमध्ये जास्त मध्यरात्री काढण्याचा, तोही नाही कारण तुम्ही दुबईत जास्त होतात. एकूण तीन.

मागच्या तीन वर्षांत कधी निवासी असलेल्या माणसाचं कोष्टक असं आहे: चार धागे असतील तर १५ रात्रींपर्यंतच सुरक्षित, तीन असतील तर ४५, दोन असतील तर ९०, एक असेल तर १२०. तुमच्या ७८ रात्री तीन धाग्यांपुढे खूप जास्त होतात. म्हणून निवासी.

ऑपरेशनच्या ५ रात्री वजा करायचा विचार मनात असेल तर तो इथे कामाला येत नाही. अपवादात्मक परिस्थितीमुळे अडकून पडलेल्या रात्री वर्षाला ६० पर्यंत सोडता येतात, पण ७८ मधून ५ गेल्या तरी ७३ उरतात आणि तुमची मर्यादा ४५ आहे. शिवाय आधी ठरवून केलेलं ऑपरेशन ‘तुमच्या हाताबाहेरचं’ मानलं जाईल याची खात्री मी देणार नाही. आणि सूट फक्त रात्रींना आहे. त्या पाच दिवसांत मुलाच्या उशाशी बसून तुम्ही चार तास काम केलं असेल, तर तो कामाचा दिवस मोजणीत राहतो. ही सवलत किती अरुंद आहे हे कळायला एक खटला पुरे आहे. आयर्लंडला गेलेल्या एका करदातीची मर्यादा ४५ रात्रींची होती, भरल्या ५०. दारूच्या व्यसनात अडकलेल्या जुळ्या बहिणीला आणि तिच्या मुलांना सांभाळायला ती ब्रिटनमध्ये थांबली होती. प्रश्न सुमारे ८० लाख पौंडांच्या लाभांशावरच्या कराचा होता. पहिल्या न्यायाधिकरणात ती जिंकली, वरच्यात हरली, आणि २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. मोजक्या रात्रींसाठी तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. ज्या रात्रींवर तुमचा निकाल फिरत नाही, त्यांच्यासाठी हे दार ठोठावू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो भाग.

वर्षाच्या मध्येच देश सोडणाऱ्यांसाठी कायद्यात वर्षाचे दोन तुकडे करायची सोय आहे. एका तुकड्यात तुम्ही निवासी, दुसऱ्यात जवळजवळ अनिवासी असल्यासारखे. लोकांना वाटतं हे फक्त ज्या दिवशी विमानात बसलो त्या दिवसापासून मिळतं. तसं नाही. परदेशात पूर्णवेळ काम सुरू करणाऱ्यांच्या प्रकारात कायदा विचारतो तो असा: या वर्षात असा एखादा काळ आहे का, जो तुम्ही परदेशात तीन तासांपेक्षा जास्त काम केलेल्या एखाद्या दिवशी सुरू होतो, वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतो, आणि त्या काळात पूर्णवेळ कामाच्या अटी पाळल्या जातात? असा काळ सापडला, आदल्या वर्षी तुम्ही निवासी असाल, आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्याच पूर्णवेळ कामाच्या दारातून अनिवासी ठरलात, तर वर्ष दुभंगतं. असे एकाहून जास्त काळ सापडले, तर त्यातला सर्वांत मोठा धरतात.

त्या काळात ३० आणि ९० च्या मर्यादा वर्षाच्या गेलेल्या महिन्यांच्या प्रमाणात खाली येतात. काळ मे महिन्यात सुरू झाला तर २७ कामाचे दिवस आणि ८२ रात्री, जुलैमध्ये २२ आणि ६७, ऑगस्टमध्ये २० आणि ६०, सप्टेंबरमध्ये १७ आणि ५२.

म्हणून मला तुमच्या फेऱ्यांच्या तारखा हव्यात. समजा त्या अशा निघाल्या. पहिला मुक्काम २५ जून ते १३ जुलै: १८ रात्री, ११ कामाचे दिवस. दुसरा ४ ते २४ ऑगस्ट: २० रात्री, ११ कामाचे दिवस. पुढे मार्चपर्यंत छोट्या फेऱ्या मिळून ४० रात्री आणि १२ कामाचे दिवस. बेरीज ७८ आणि ३४.

७ एप्रिलपासून मोजलं तर ३४ दिवस ३० च्या वर जातात, जमत नाही. १४ जुलैच्या सोमवारी तुम्ही दुबईच्या ऑफिसात परत बसलात. तिथून मोजलं तर रात्री ६०, मर्यादा ६७, ठीक. पण कामाचे दिवस ११ अधिक १२, म्हणजे २३, आणि मर्यादा २२. एका दिवसाने हुकलं. मग २५ ऑगस्टच्या सोमवारपासून मोजा: रात्री ४०, मर्यादा ६०, कामाचे दिवस १२, मर्यादा २०. बसलं. मग ६ एप्रिल ते २४ ऑगस्ट हे १४१ दिवस निवासी, आणि पुढचा सगळा काळ परदेशी भाग.

पैशात बघा. ९०,००० चा १४१ दिवसांचा वाटा सुमारे ३४,८०० पौंड. १२,५७० ची करमुक्त मर्यादा वर्ष दुभंगलं तरी पूर्ण मिळते. उरलेल्यावर २० टक्के, म्हणजे सुमारे ४,४५० पौंड. २३,४३२ च्या जागी ४,४५०. फरक जवळजवळ १९,००० पौंडांचा.

आणि तो एक हुकलेला दिवस? १४ जुलैनंतरच्या त्या २३ दिवसांपैकी एखाद्या दिवशी तुम्ही खरं तर तीन तास किंवा त्याहून कमी काम केलं असेल, तर आकडा २२ होतो, परदेशी भाग १४ जुलैपासून सुरू होतो आणि आणखी सुमारे २,००० पौंड वाचतात. वर्षभरातले असे चार दिवस निघाले, तर ३४ चे ३० होतात आणि पूर्ण वर्षच अनिवासी. म्हणून आधी त्या चौतिसांची यादी नीट तपासा. मात्र हवा तो आकडा ठरवून त्याच्या मागे दिवस जुळवायचे नाहीत. अशी जुळवलेली यादी मी स्वीकारत नाही.

यादी कशी तपासायची ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. एका अशिलाने मला ‘साधारण पंचवीस दिवस’ असं सांगितलं होतं. मी तो आकडा पहिल्या वर्षी तसाच घेतला, ही माझी चूक होती. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी त्यांचं कॅलेंडर उघडून एकेक दिवस बघितला. मंगळवार: सकाळी साडेआठला अर्ध्या तासाची मीटिंग, मग मुलीला शाळेत सोडलं, अकरा ते बारा एक कॉल, दुपारी कोरा चौकोन. त्यांच्या हिशोबात हा ‘सुट्टीचा दिवस’ होता. मग पाठवलेल्या मेलच्या वेळा पाहिल्या: दीड ते सव्वातीन सलग बारा मेल, एकाला चाळीस पानांचा जोडदस्तऐवज. तो दस्तऐवज तयार कोणी केला? त्यांनीच, त्याच दुपारी. तीन तास कधीच ओलांडले होते. पंचविसाचे तेहतीस झाले आणि आम्हाला आदल्या वर्षाचं विवरणपत्र दुरुस्त करावं लागलं. उलटही होतं. दुसऱ्या एका दिवशी त्यांनी ‘काम’ लिहिलं होतं, आणि नोंदी सांगत होत्या एक पन्नास मिनिटांचा कॉल आणि चार ओळींचे तीन मेल. तो दिवस सुटला.

काम म्हणजे फक्त मीटिंग नव्हे. वाचन, तयारी, कंपनीचं ऑनलाइन प्रशिक्षण, कामासाठीचा ब्रिटनमधला प्रवास, सगळं धरतात. रविवारी केलेलं कामही काम आणि रजेच्या दिवशी केलेलंही कामच. एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे: दुबईहून येताना विमानात केलेलं काम परदेशातलं धरलं जातं, विमान ब्रिटनच्या आकाशात शिरलं तरी, अगदी उतरेपर्यंत. परतीच्या प्रवासात विमानात पाऊल ठेवल्यापासून तेच लागू. विमानतळावर थांबून केलेलं मात्र ब्रिटनमधलं.

रात्रींचा नियम सोपा आहे. दिवस संपतो त्या मध्यरात्री तुम्ही ब्रिटनमध्ये असाल तर तो दिवस मोजायचा. शुक्रवारी संध्याकाळी उतरलात आणि रविवारी रात्री दहाला विमान उडालं तर दोन. तेच विमान उशीर होऊन साडेबाराला उडालं तर तीन. तिकिटावरची वेळ नव्हे, प्रत्यक्ष उड्डाण धरायचं, म्हणून बोर्डिंग पास जपा. तीन किंवा जास्त धागे असलेल्यांनी मध्यरात्र न घालवता ब्रिटनला वारंवार फेऱ्या केल्या, तर तीसच्या पुढचे असे दिवसही धाग्यांच्या पायरीवर मोजले जातात. निघण्याचा दिवसही त्यातलाच. तुमच्या फेऱ्या एवढ्या नाहीत.

आता यंदाचं वर्ष, २०२६-२७. वर्ष दुभंगण्याची अट आठवा: पुढच्या वर्षी पूर्णवेळ कामाच्या दारातूनच अनिवासी ठरायला हवं. म्हणजे ५ एप्रिल २०२७ पर्यंत कामाचे दिवस ३० आणि रात्री ९० या मर्यादा मोडल्या, तर यंदाचं वर्ष तर जाईलच, गेल्या वर्षाचे ते १९,००० पौंडही सोबत जातील. तुमचे ७ दिवस आणि १४ रात्री वापरून झाल्यात. हातात २३ आणि ७६ उरतात. मी अशिलांना वर्षभरात एकूण २४ कामाच्या दिवसांवर थांबायला सांगतो. सहा दिवसांची जागा आजारपण, रद्द झालेली विमानं आणि ऑफिसच्या तातडीच्या कामांसाठी मोकळी ठेवायची. ब्रिटनला जाल तेव्हा पूर्ण रजा टाकून जा. लॅपटॉप न्यायचाच असेल तर दिवसाला दोन तासांच्या आत राहील अशी सोय साहेबांशी बोलून आधीच करा.

३५ तासांचा हिशोब बऱ्याच जणांचा चुकतो, कारण ते करारपत्र दाखवतात. हिशोब प्रत्यक्ष तासांचा असतो. यंदाच्या करवर्षात सोमवार ते शुक्रवार असे २६१ दिवस येतात. समजा ब्रिटनमध्ये कामाचे २४, रजा ३०, आजारपणाचे ४. दुबईत २०३ दिवस काम, रोज आठ तास, एकूण १,६२४ तास. आता ३६५ मधून तेच २४, ३० आणि ४ वजा करा: ३०७. सातने भागून अपूर्णांक सोडा: ४३ आठवडे. १,६२४ भागिले ४३ म्हणजे सुमारे ३७.८. पास. रोज साडेसात तास असतील तर ३५.४, काठावर पास. रोज सात तास, म्हणजे कराराप्रमाणे आठवड्याला बरोबर ३५, तर हिशोब ३३ वर येतो आणि दार बंद. कारण रजेच्या आणि ब्रिटनमधल्या आठवड्यांचे शनिवार-रविवार ३६५ मधून वजा झालेले नसतात. सलग रजेच्या मध्ये अडकलेली साप्ताहिक सुट्टी, जिच्या आधी आणि नंतर किमान तीन-तीन दिवस रजा आहे, ती वजा करता येते. त्यामुळे तुटक रजांपेक्षा सलग दोन आठवड्यांची रजा या हिशोबात फायद्याची. वर्ष दुभंगायचं तर हाच हिशोब २५ ऑगस्ट ते ५ एप्रिल या काळापुरताही करावा लागेल. तेव्हा तिथल्या हजेरीच्या नोंदी आजच मागवून ठेवा.

‘मोठा खंड’ ही अट लोक वाचून सोडून देतात आणि नेमके तिथे अडकतात. सलग ३१ दिवस गेले आणि त्यात परदेशात तीन तासांपेक्षा जास्त काम केलेला एकही दिवस नाही, तर खंड पडला. रजा, आजारपण किंवा बाळंतपणाच्या रजेमुळे काम झालं नसेल तर तो खंड धरत नाहीत. म्हणजे पाच आठवडे पूर्ण रजेवर घरी राहिलात तर या अटीत बसता, पण तेच पाच आठवडे रोज ब्रिटनमधून काम करत राहिलात, तर २५ च कामाचे दिवस होऊनही चाचणी नापास. ऑगस्टचा बेत आखताना हे ध्यानात असू द्या.

अनिवासी भागातही एक धार उरतेच. ब्रिटनमध्ये बसून केलेल्या कामाच्या पगारावर ब्रिटनचा हक्क अनिवासी माणसाच्या बाबतीतही असतो. परदेशी भागातल्या तुमच्या १२ दिवसांचा पगार वेगळा काढा आणि दोन देशांच्या कराराखाली त्याला सूट मिळते का हे मजकूर वाचून तपासून घ्या. मी वर दिलेल्या ४,४५० मध्ये तो धरलेला नाही.

धागे कमी करता येतील का, असं पुढचं विचाराल. कुटुंब तिथे आणि तुमचं घरही तेच, तोवर पहिले दोन सुटत नाहीत. घर फक्त बायकोच्या नावावर केल्याने काही होत नाही, कारण कायदा मालकी विचारत नाही, राहायला मिळतं का ते विचारतो. तिसरा धागा मात्र काळाने आपोआप गळेल. २०२७-२८ मध्ये मागची दोन वर्षं २०२५-२६ आणि २०२६-२७ असतील. २०२५-२६ मध्ये तुम्ही ७८ रात्री होतात, यंदाही ९० च्या आत राहिलात तर उरतात दोन धागे, आणि मर्यादा ४५ वरून ९० वर जाते. त्या वर्षी नोकरी मध्येच सुटली किंवा कामाचे दिवस ३० च्या वर गेले तरी तुमच्याकडे दुसरा आधार असेल. यंदा तो नाही. म्हणून यंदा लॅपटॉपबाबत एवढा काटेकोरपणा हवा.

शेअर किंवा फंड विकायचा बेत असेल तर थांबा. जाण्याआधीच्या सात वर्षांपैकी चार किंवा जास्त वर्षं निवासी असलेला माणूस पाच वर्षं किंवा त्याहून कमी काळात परतला, तर जाताना हातात असलेल्या मालमत्तेवर मधल्या काळात झालेला नफा परतीच्या वर्षात करपात्र होतो. आणि ही पाच वर्षं कुठल्या तारखेपासून धावू लागतात तेही वर्ष दुभंगतं की नाही यावरच ठरतं.

आता काय करायचं. २०२५-२६ साठी स्वतः विवरणपत्र भरायची नोंदणी आधी झालेली नसेल, तर ती ५ ऑक्टोबर २०२६ च्या आत करा. विवरणपत्र ऑनलाइन भरायची आणि कर भरायची मुदत ३१ जानेवारी २०२७. निवासाची माहिती SA109 या पुरवणीत जाते. वर्ष दुभंगल्याचं तिथेच सांगायचं, २५ ऑगस्ट २०२५ ही तारीख तिथेच टाकायची. अडचण अशी की यंदाचं करवर्ष संपायला तेव्हा दोन महिने बाकी असतील आणि वर्ष दुभंगेल की नाही हे त्यावर टांगलेलं आहे. जानेवारीच्या मध्याला तुमचे कामाचे दिवस आणि रात्री मोजू. मर्यादेच्या बऱ्याच आत असाल तर दुभंगलेल्या वर्षाप्रमाणे भरू. एप्रिलपर्यंत काही बिनसलं तर ३१ जानेवारी २०२८ पर्यंत विवरणपत्र दुरुस्त करता येतं, फरकाचा कर व्याजासह भरावा लागेल. ती रक्कम तोवर वेगळ्या खात्यात ठेवा.

त्याआधी मला तीन गोष्टी पाठवा: २०२५-२६ मधल्या प्रत्येक फेरीची प्रत्यक्ष उतरण्याची आणि उड्डाणाची वेळ, त्या चौतीस दिवसांची यादी आणि प्रत्येकासमोर कॅलेंडर, मेल व लॉग-इनच्या नोंदींवरून काढलेले तास, आणि २५ ऑगस्टनंतरची दुबईतली हजेरी. यादीत सर्वांत आधी १४ जुलै ते ५ एप्रिलमधले ते २३ दिवस तपासा.